मदत हवी आहे: नागपूर–पुणे ट्रॅव्हल्सच्या तिकिटावर पिकअप ‘झिरो पॉइंट’ लिहिलंय, ते नेमकं कुठे? आणि आज रात्री रद्द केलं तर किती कापतील?

मृणाल_मनीषनगर (गुरुवार, रात्री 8:40)

नमस्कार. जरा घाईत लिहितेय, कारण हातात वेळ कमी आहे असं वाटतंय.

उद्या, शुक्रवारी रात्री माझी आई आणि मावशी नागपूरहून पुण्याला चालल्या आहेत. तिकीट पुण्यातल्या माझ्या भावाने ॲपवरून काढलं. एसी सीटर-स्लीपर गाडी, दोन वरचे बर्थ शेजारी-शेजारी. एका बर्थचं भाडं 1500, म्हणजे दोघींचे 3000, त्यावर जीएसटी 150 आणि कूपनचे 200 वजा. भावाने भरले 2950.

आता अडचणी. पहिली म्हणजे पिकअप. तिकिटावर फक्त ‘झिरो पॉइंट, नागपूर, 9:45’ एवढंच आहे. आई म्हणते हे आपलं सीताबर्डीचं झिरो माईल, तिथून तर मेट्रोनेही जाता येईल. मला ते पटत नाहीये, पण खात्रीने सांगताही येत नाही. तिकिटावरच्या नंबरवर दोनदा फोन लावला, कोणी उचलत नाही.

दुसरी म्हणजे बर्थ. आई 64 वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. वरच्या बर्थवर शिडीने चढणं तिला जमणार नाही. भाऊ म्हणतो, गाडीत अटेंडंटला सांगितलं की तो खालचा बर्थ बदलून देतो. खरंच देतात का?

तिसरी म्हणजे रद्द करण्याचा खर्च. तिकिटावर लिहिलंय: 24 तासांआधी 10 टक्के, 24 ते 12 तासांत 25 टक्के, 12 ते 6 तासांत 50 टक्के, त्यानंतर काहीच परत नाही. गाडी उद्या 9:45 ची, म्हणजे आज 9:45 पर्यंत रद्द केलं तर 10 टक्केच कापले जातील ना? म्हणजे माझ्याकडे जेमतेम तासभर आहे. काय करू?

---

सचिन_धरमपेठ (8:52)

ताई, हिशोब बरोबर आहे तुमचा. 9:45 च्या आत रद्द करा, 300 रुपये जातील, बाकी परत येतील. पिकअपचं एवढं टेन्शन घेऊ नका. तिकिटावरचं नाव नुसतं नावापुरतं असतं. मी नेहमी ड्रायव्हरला फोन करतो, गाडी ज्या रस्त्याने येते त्या रस्त्यावर कुठेही हात दाखवला की थांबते. वर्धा रोडवर उभं राहायचं, बस.

---

नीलिमा_महाल (8:58)

मृणाल, ट्रॅव्हल्सच्या भानगडीत पडतेसच कशाला गं? गणेशपेठला जा, एसटीचं रिझर्वेशन कर. बायकांना अर्धं तिकीट आहे 2023 पासून. आई अजून 65 ची नाही म्हणजे ज्येष्ठांची सवलत नाही लागायची, पण महिलांची तर लागेलच. दोघींचं मिळून एकीच्या पैशात होईल. आणि स्टँडवर पिकअप कुठे हा प्रश्नच नाही, फलाट ठरलेला.

---

मृणाल_मनीषनगर (9:03)

काकू, एसटीचा विचार केला होता. पण आईला रात्रभर बसून जाणं नको वाटतं, पाय सुजतात. शिवाय एवढ्या आयत्या वेळी दोन जागा शेजारी मिळतील की नाही, शंकाच आहे. तरी बघून ठेवते, धन्यवाद.

---

जुना_बुकिंगवाला (9:11)

ताई, थांबा. घाईघाईने 9:45 च्या आत काही करू नका, कारण ती मुदत तुमच्यासाठी उरलेलीच नाही. मी गणेशपेठेत ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे एकेक करून सांगतो. आधी एक बघा: तिकिटावर कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलं असेल की रद्द करण्याचे तास गाडी मूळ ठिकाणाहून सुटण्याच्या वेळेपासून धरले जातील, आणि तिथे एक तारीख-वेळ छापलेली असेल. ती काय आहे, इथे लिहा. गाडी नागपूरचीच आहे की मागून येते, तेही सांगा.

---

मृणाल_मनीषनगर (9:19)

सापडलं. शुक्रवार दुपारी 2:45 लिहिलंय. गाडीचं नाव रायपूर–पुणे आहे. हे आधी लक्षातच आलं नव्हतं, भावाने फक्त नागपूर–पुणे टाकून शोधलं होतं.

---

जुना_बुकिंगवाला (9:34)

मग सगळं जुळलं. ही थ्रू गाडी आहे. रायपूरहून दुपारी पावणेतीनला निघते आणि नागपुरात रात्री नऊच्या सुमारास येते. रद्द करण्याचं घड्याळ रायपूरला सुरू होतं, तुमच्या थांब्यावर नाही. तुम्ही नागपूरला बसणार असलात तरी ट्रॅव्हल्सवाल्याच्या हिशोबी गाडी 2:45 लाच निघालेली असते.

म्हणून तुमचे टप्पे असे. 10 टक्क्यांची मुदत आज दुपारी 2:45 लाच संपली. सध्या तुम्ही 25 टक्क्यांत आहात आणि आज मध्यरात्रीनंतर 2:45 पर्यंत राहाल. तिथून पुढे 50 टक्के, आणि उद्या सकाळी 8:45 नंतर शून्य. म्हणजे उद्या दुपारी ‘अजून गाडीला सात-आठ तास आहेत’ म्हणून रद्द करायला गेलात, तर एक रुपया परत येणार नाही. काउंटरवर सगळ्यात जास्त भांडणं याच गोष्टीवरून व्हायची. नागपूरहून चढणारा माणूस नागपूरची वेळ धरून यायचा आणि कॉम्प्युटरवर रायपूरची वेळ लागलेली असायची.

रुपयांत सांगायचं तर कपात मूळ भाड्यावर लागते, कूपन वजा करून नाही. 3000 चे 25 टक्के 750. तुम्ही भरलेल्या 2950 मधून ते गेले की साधारण 2200 हातात येतात. पहाटे 2:45 नंतर 1500 कापले जातील, तेव्हा साधारण 1450. कूपनचे 200 परत येणार नाहीत, कारण ते तुम्ही भरलेच नव्हते. जीएसटीचा हिशोब ॲप थोडा वेगळा करू शकतं. शेवटचं बटण दाबायच्या आधी परत मिळणारी रक्कम स्क्रीनवर येते. ती बघा आणि मगच पुढे जा.

आता झिरो पॉइंट. आईंना सांगा, ते सीताबर्डीचं झिरो माईल नाही. रायपूरकडून येऊन पुण्याला जाणारी गाडी शहरात कशाला शिरेल? भंडारा रोडने कापसीपर्यंत येते, तिथून आऊटर रिंग रोड धरते, उमरेड रोड ओलांडून जामठ्याला वर्धा रोडपाशी येते आणि तिथून समृद्धीच्या सुरुवातीला, शिवमडक्याला. समृद्धीच्या त्या टोकालाच ट्रॅव्हल्सवाले झिरो पॉइंट म्हणतात. झिरो माईलच्या दगडापाशी दोघी पेट्या घेऊन उभ्या राहिल्या असत्या आणि गाडी शहराबाहेरूनच निघून गेली असती. तिथून शिवमडक्याला पोचायला रात्री अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर गाडी थांबत नाही. आणि अशी गाडी चुकली तर ‘प्रवासी आला नाही’ अशी नोंद होते, पैसे परत नाहीत.

---

सचिन_धरमपेठ (9:41)

हे रायपूरचं माहीत नव्हतं. मी नेहमी नागपूरहूनच सुटणाऱ्या गाडीने जातो, त्यात पहिला थांबा आणि माझा थांबा यांत अर्ध्या तासाचाच फरक असतो, म्हणून कधी जाणवलं नाही. पण हात दाखवून गाडी थांबते हे खरं आहे, मी स्वतः चढलोय.

---

जुना_बुकिंगवाला (9:50)

सचिनभाऊ, तुमच्या गाडीच्या बाबतीत खरं असेल. नागपूरची गाडी प्रवासी गोळा करत शहरातून हळूहळू निघते, वर्धा रोडवर थांबवणं शक्य असतं. तेही आता पूर्वीसारखं नाही. 2025 मध्ये वाहतूक पोलिसांनी इनर रिंग रोडच्या आत खासगी बसने रस्त्यावर थांबून प्रवासी घ्यायला मनाई केली होती, तेव्हापासून बरेच थांबे हलले. जुन्या सवयीने नेहमीच्या चौकात जाऊन उभं राहणारे लोक अजून फसतात. थ्रू गाडीचा तर प्रश्नच वेगळा. ती रिंग रोडवर असते, वर्धा रोडवर धावतच नाही, नुसती ओलांडून जाते. आणि एकदा समृद्धीवर चढली की मध्ये कोणी थांबवत नाही. ऑटो आणि दुचाकीला तर तो रस्ता बंदच आहे, म्हणजे मागून गाठणंही नाही.

मृणालताई, ॲपमध्ये तुमच्या गाडीचे नागपुरातले सगळे थांबे उघडून बघा. जामठा दिसतंय का?

---

मृणाल_मनीषनगर (9:57)

हो, तीन आहेत. कापसी 8:50, जामठा 9:20 आणि झिरो पॉइंट 9:45. भावाने सगळ्यात उशिराचा निवडला, म्हणजे आईला आरामात जेवून निघता येईल म्हणून.

---

जुना_बुकिंगवाला (10:06)

मनीषनगरहून जामठाच सोपं. सरळ वर्धा रोड, स्टेडियमच्या बाजूला, ऑटो किंवा कॅब सहज मिळते. झिरो पॉइंटला रात्री तुम्हाला सोडून परत येणारा ऑटोवाला शोधावा लागेल. बहुतेक ॲपमध्ये थांबा बदलायची सोय असते, पैसे लागत नाहीत, पण सुटायच्या काही तास आधी ती बंद होते. आणि इथेही तास रायपूरपासूनच धरले जाण्याची शक्यता जास्त. म्हणून जे करायचं ते आजच.

पण थांबा बदलायच्या आधी बर्थचा प्रश्न सोडवा, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तीच आहे. भाऊ म्हणतात अटेंडंट खालचा बर्थ देईल. पूर्ण स्लीपर गाडी असती तर प्रयत्न करता आला असता, एखादा तरुण मुलगा वर जायला तयार होतो. तुमची गाडी सीटर-स्लीपर आहे. तिचा आसनांचा नकाशा उघडा आणि ‘लोअर’वर टिचकी मारा. खाली लांबट बर्थ दिसतात की चौकोनी खुर्च्या?

---

मृणाल_मनीषनगर (10:10)

सगळ्या खुर्च्या. बर्थ फक्त वर.

---

जुना_बुकिंगवाला (10:15)

मग त्या गाडीत खालचा बर्थ नावाची गोष्टच नाही. अटेंडंट कितीही चांगला असला तरी देणार कुठून? फार तर खालची सीट रिकामी असेल तर तिथे बसवेल, आणि तुम्ही पैसे बर्थचे दिलेले असतील.

आईंना वर चढता येत नाही आणि रात्रभर बसवतही नाही. म्हणजे त्यांना वर-खाली दोन्हीकडे बर्थ असलेली पूर्ण स्लीपर गाडीच हवी, आणि त्यातला खालचा बर्थ. खालच्या बर्थवर आधी टेकून बसायचं आणि मग पाय वर घ्यायचे, शिडी लागत नाही. दोघी सोबत आहेत तर जोडीचा डबल बर्थ घ्या, अनोळखी माणूस शेजारी येण्याचा प्रश्न राहत नाही. शेवटची रांग मात्र घेऊ नका. ती मागच्या चाकांच्याही मागे लोंबते, समृद्धीवर एवढं जाणवत नाही, पण खाली उतरून नगरच्या रस्त्याला लागलं की प्रत्येक खड्डा कंबरेत बसतो.

---

अमोल_यवतमाळ (10:22)

इथेच विचारतो, माझंही असंच झालंय. गेल्या महिन्यात एका ट्रॅव्हल्सचं यवतमाळ–पुणे स्लीपरचं तिकीट होतं. ऐनवेळी म्हणे गाडी बिघडली, दुसरी पाठवली, ती सगळी सीटर. रात्री दुसरा पर्यायच नव्हता म्हणून बसून गेलो. आता भाड्यातला फरक मागतोय, तर ट्रॅव्हल्सवाला म्हणतो ॲपला विचारा आणि ॲपवाले म्हणतात तुम्ही प्रवास केला आहे, परतावा नाही. काही होऊ शकतं का?

---

जुना_बुकिंगवाला (10:31)

अमोलभाऊ, गाडीत बसायच्या आधी ॲपवर तक्रार नोंदवली होती का? बसायच्या आधीचा फोटो, गाडीचा नंबर दिसेल असा, आणि आतल्या सीटचा, असं काही आहे? असेल तर फरक मागता येतो, मी लोकांना मिळालेला पाहिलाय. नसेल तर अवघड आहे, खोटी आशा देत नाही.

---

अमोल_यवतमाळ (10:34)

फोटो एक आहे, आतला. नंबर नाही दिसत. तक्रार दुसऱ्या दिवशी केली.

---

मृणाल_मनीषनगर (10:48)

नागपूरहूनच सुटणारी एक पूर्ण स्लीपर गाडी सापडली, उद्या रात्री 9:00 ची. खालचा डबल बर्थ रिकामा आहे, मधल्या रांगेत. पण भाडं एका बर्थचं 1750. म्हणजे 500 जास्त, शिवाय जुन्या तिकिटाचे 750 जाणार. भाऊ म्हणतो साडेबाराशे आणि वर जीएसटी वाया घालवण्यापेक्षा आईला कसंही करून वर चढवू. मला तो धोका नको वाटतो. रात्री दोन-तीन वेळा उठते ती.

---

नीलिमा_महाल (10:55)

घे बाई, नवीन घे. चालत्या गाडीत अंधारात शिडी उतरायची म्हणजे काय, ते भावाला कळत नाहीये. पैसे परत कमावता येतात, मोडलेला खुबा नाही. आणि दोघींना गाडीत बसल्या बसल्या संकटकालीन खिडकी कुठे आहे ते दाखवून ठेव. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून निघालेली पुण्याची बस जळाली, तेव्हापासून मी कुठल्याही ट्रॅव्हल्समध्ये बसले की आधी तेच बघते.

---

सचिन_धरमपेठ (11:01)

मला वाटतं भाऊ बरोबर बोलतोय अर्धं. एक काम करा, एकच बर्थ रद्द करा, मावशींना वर राहू द्या आणि आईसाठी त्याच गाडीत खालची सीट घ्या. खर्च कमी.

---

जुना_बुकिंगवाला (11:09)

चालेल, पण दोन गोष्टी बघाव्या लागतील. काही ट्रॅव्हल्स एका तिकिटातला एकच बर्थ रद्द करू देत नाहीत, सगळं रद्द करायचं नाहीतर काहीच नाही. तिकिटाच्या नियमांत ते लिहिलेलं असतं. आणि दुसरं, आईंना बसून जायचं नाही असं ताईंनी आधीच सांगितलंय.

नवीन घेणार असाल तर क्रम पाळा. आधी नवीन तिकीट पक्कं करा, मेसेज येऊ द्या, मग जुनं रद्द करा. उलटं केलं आणि मधल्या पाच मिनिटांत तो डबल बर्थ गेला, तर दोन्हीकडून अडकाल. जुन्याला अजून तीन तासांवर वेळ आहे, घाई नाही.

आणि मोबाइल नंबर. जुन्या तिकिटावर भावाचा नंबर असणार. उद्या गाडीचा नंबर, अटेंडंटचा फोन, लाइव्ह लोकेशनची लिंक, हे सगळं पुण्यात भावाकडे गेलं असतं. अटेंडंट थांब्यावर गाडी लावून ‘कुठे आहात’ म्हणून फोन करतो, तो भावाला. भाऊ आईला फोन करणार, आई रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, आणि एवढ्यात गाडी सुटणार. नव्या तिकिटावर आईंचा किंवा तुमचा नंबर टाका, जो माणूस थांब्यावर उभा असेल त्याचा.

---

मृणाल_मनीषनगर (11:46)

झालं. नवीन तिकीट काढलं, नंबर माझा टाकला कारण सोडायला मीच जाणार आहे. मग जुनं रद्द केलं. स्क्रीनवर 2200 दाखवले, परत यायला काही दिवस लागतील असं लिहिलंय. कूपनचे खरंच गेले. भाऊ थोडा नाराज आहे, पण आईला खालचा बर्थ मिळाल्याचं सांगितल्यावर ती फोनवर एकदम मोकळी झाली. नाहीतर दुपारपासून ती ‘मी नाही जात’ म्हणत होती.

नव्या तिकिटावर रद्द करण्याची वेळ उद्या रात्री 8:15 पासून धरलीय, म्हणजे पहिला थांबा तोच असावा. आमचा थांबा 9:00 चा, वर्धा रोडवर एका हॉटेलसमोर असं लिहिलंय. हॉटेल रस्त्याच्या उजवीकडे आहे, गाडी शहराबाहेर जाताना डाव्या बाजूला थांबणार ना? मध्ये दुभाजक आहे आणि वर पूल, आईला ओलांडता येणार नाही.

---

जुना_बुकिंगवाला (11:58)

बहुतेक वेळा गाडी जाणाऱ्या बाजूलाच, म्हणजे डावीकडे थांबते आणि हॉटेलचं नाव फक्त खूण म्हणून असतं. पण ‘समोर’ म्हणजे हॉटेलच्या दारात की रस्त्यापलीकडे, हे प्रत्येक ट्रॅव्हल्सवाला आपल्या परीने लिहितो. उद्या दुपारनंतर ऑफिसला फोन लावा, आणि ‘कुठे थांबता’ असं न विचारता ‘खापरीकडे तोंड करून उभं राहिलं तर डावीकडे की उजवीकडे’ असं विचारा. आणि तिथे पुलाच्या वरून जाणार की खालच्या रस्त्याने, तेही. गाडी वरून गेली तर खाली उभं राहून उपयोग नाही.

---

अमोल_यवतमाळ (शुक्रवार, सकाळी 7:20)

माझ्या फोटोचं काही होईल का, कोणी सांगेल? बाकीच्या प्रवाशांपैकी एकाचा नंबर आहे माझ्याकडे, त्याने कदाचित बाहेरून फोटो काढला असेल.

---

जुना_बुकिंगवाला (7:44)

त्याला आजच विचारा. फोटोत गाडीचा नंबर असेल तर पुन्हा तक्रार नोंदवा, दोघांनी वेगवेगळी, आणि दोन्हींत त्याच तारखेचं, त्याच गाडीचं लिहा.